कढी फुटत नाही: शॉर्ट व्हिडिओचा शेवट सुरुवातीला कसा सांधावा

मी स्वयंपाकाचे छोटे व्हिडिओ करते. पहिले कित्येक महिने माझा प्रत्येक व्हिडिओ एकाच पद्धतीने संपायचा. पदार्थ ताटलीत, त्यावर कोथिंबीर, मग "करून बघा आणि कसं झालं ते सांगा." मी "करून" म्हटलं की बघणाऱ्याचं बोट पुढच्या व्हिडिओकडे गेलेलं असायचं. किती जण कुठपर्यंत बघत राहिले ते दाखवणाऱ्या रिटेन्शनच्या आलेखात शेवटच्या दोन सेकंदांत रेष जिन्यावरून उतरल्यासारखी खाली यायची. संपल्याचा सुगावा मीच देत होते.

मग लूप करायला शिकले, म्हणजे शेवट असा ठेवायचा की व्हिडिओ आपोआप पुन्हा सुरू झाला तरी तो कुठे संपला ते कळू नये. ही युक्ती नवी नाही. २०१३ साली आलेल्या व्हाइन या ॲपवर सहा सेकंदांचे व्हिडिओ आपोआप फिरत राहायचे, आणि तिथल्या लोकांनी सांधा लपवण्याची मोठी हौस केली. रील्स आणि शॉर्ट्सही तसेच फिरतात, पण आपल्याकडे बहुतेक जण या फिरण्याचा विचार न करता व्हिडिओ बनवतात.

लूप करायच्या पद्धती बऱ्याच आहेत. मी इथे एकच सांगणार आहे, कारण माझ्या हातून तीच कधी फसत नाही, आणि साध्या फोनवर, साध्या एडिटिंग ॲपमध्ये ती करता येते. उदाहरण ताकाच्या कढीचं घेते. व्हिडिओ २१ सेकंदांचा.

लागणारं साहित्य

- फोन आणि तो घट्ट धरणारा स्टँड. वरून शूट करायचं असेल तर ओट्याला चिमट्याने लावता येणारा लवचीक दांड्याचा स्टँड चालतो.
- क्लिप कापता येईल, एकेक फ्रेम पुढे-मागे सरकता येईल आणि आवाज वेगळा काढता येईल असं कोणतंही एडिटिंग ॲप. फुकट असलं तरी चालेल.
- इयरफोन. हे टाळू नका. सांध्यावरची "टक्" फोनच्या स्पीकरवर ऐकू येत नाही, पण बघणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांच्या कानात इयरफोन असतात.
- लिहिलेली स्क्रिप्ट. शूटिंगच्या आधी लिहिलेली. लूप एडिटिंगमध्ये सुचत नाही, तो आधी ठरवावा लागतो.

## १. आधी पद्धत समजून घ्या: एक शॉट, दोन तुकडे, उलट क्रम

नवीन लोक साधारणपणे असं करतात: सुरुवातीला पातेल्याचा एक शॉट घेतात, आणि सगळं झाल्यावर तसाच दुसरा शॉट घ्यायचा प्रयत्न करतात. तो कधीच जुळत नाही. अर्ध्या तासात खिडकीतला उजेड बदललेला असतो, पातेलं बोटभर सरकलेलं असतं, लेन्सवर वाफ बसलेली असते. तुम्ही कितीही जपलं तरी सांध्यावर चित्र उडी मारतं.

म्हणून जुळवायचा प्रयत्नच सोडा. त्याऐवजी शेवटी तयार कढी डावाने ढवळतानाचा एकच सलग शॉट घ्या. समजा तो पाच सेकंदांचा आहे. एडिटिंगमध्ये तो दोन सेकंदांवर कापा. आता तुमच्याकडे दोन तुकडे झाले: पहिला दोन सेकंदांचा, दुसरा तीन सेकंदांचा. दुसरा तुकडा व्हिडिओच्या अगदी सुरुवातीला लावा आणि पहिला तुकडा अगदी शेवटी. मधे सगळी कृती.

व्हिडिओ संपताना पहिला तुकडा जिथे तुटतो, तिथूनच दुसरा तुकडा सुरू होतो, आणि तो तर व्हिडिओच्या सुरुवातीलाच बसलाय. म्हणजे लूपचा सांधा हा मुळात सांधाच नाही. कॅमेऱ्याने तो क्षण अखंड टिपलेला आहे. उजेड तोच, डाव तोच, वाफ तीच.

शिवाय एक फायदा फुकटात मिळतो. तयार पदार्थ पहिल्याच फ्रेममध्ये दिसतो, त्यामुळे बघणारा थांबतो. "आधी दाखवू की शेवटी दाखवू" हा प्रश्नच उरत नाही, दोन्हीकडे तोच शॉट आहे.

## २. वाक्यही तसंच कापा

चित्र जुळलं आणि वाक्य संपलं, तर लूप गेला. संपल्याची खूण डोळ्यांपेक्षा कानांना आधी कळते.

आणि मराठीत इथे खास अडचण आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. "मग कढी वाढायची" यातल्या "वाढायची"वर आपला आवाज आपोआप खाली उतरतो, आणि ऐकणाऱ्याला गोष्ट संपल्याचं कळतं. त्यामुळे इंग्रजी व्हिडिओ पाहून तिथली लूपची वाक्यं मराठीत आणायला गेलात तर ती लंगडतात.

पण मराठीत जोडणारे छान शब्दही आहेत: "की", "म्हणून", "म्हणजे", "कारण", "तर". "पाऊस आला की" एवढं म्हणून कुणी थांबलं तर आपण पुढचं ऐकायला कान टवकारतो. लूपचा शेवट अशाच एखाद्या शब्दावर तोडायचा, आणि पुढचं अर्धं वाक्य व्हिडिओच्या सुरुवातीला ठेवायचं. कढीच्या व्हिडिओसाठी मी हे वाक्य घेतलं:

> एवढं केलं की / कढी फुटत नाही, दही कितीही आंबट असू दे.

तिरप्या रेघेवर कापायचं. व्हिडिओ सुरू होतो तेव्हा ऐकू येतं, "कढी फुटत नाही, दही कितीही आंबट असू दे." पहिल्यांदा बघणाऱ्याला हे पूर्ण वाक्य वाटतं, दावा वाटतो, आणि कसं काय म्हणून तो थांबतो. शेवटी ऐकू येतं, "एवढं केलं की", आणि पुन्हा तेच वाक्य, पण आता ते उत्तर झालेलं असतं.

या वाक्याची परीक्षा दोनदा घ्या. पहिली: उत्तरार्ध एकटा, मागचं काहीही माहीत नसताना अर्थपूर्ण लागतो का? माझा एक जुना प्रयत्न होता, "म्हणून / ती आधी भिजवायची." कुणाला कळणार "ती" कोण? सुरुवातीच्या तुकड्यात सर्वनाम नको, वस्तूचं नाव हवं. दुसरी: पूर्ण वाक्य आपण घरात बोलतो तसं आहे का? "ज्यामुळे", "ज्याद्वारे" अशी पुस्तकी जोडणी घातलीत तर बघणाऱ्याला सांधा लगेच दिसतो.

### हे वाक्य एका दमात रेकॉर्ड करा

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. सुरुवातीचं वाक्य वेगळं आणि शेवटचं वेगळं रेकॉर्ड केलं, तर दोन्हींची पट्टी वेगळी येते. "एवढं केलं की" खाली उतरतं आणि "कढी फुटत नाही" नव्या जोमात वर जातं. तोंड माइकपासून चार बोटं मागे गेलं तरी फरक कळतो.

पूर्ण वाक्य एका श्वासात, मधे न थांबता बोला. तीन-चार वेळा बोला, त्यातलं सगळ्यात सहज आलेलं घ्या आणि मग कापा. शॉटसारखंच: एक वाक्य, दोन तुकडे, उलट क्रम.

### कुठल्या अक्षराआधी कापायचं

मला कळायला फार उशीर लागला अशी एक बारीक गोष्ट सांगते. व्हिडिओ पुन्हा सुरू होताना काही फोनवर आवाजात अगदी क्षणभर खंड पडतो. आवाजाची फाइल दाबून लहान करताना सुरुवातीला किंचित रिकामी जागा राहते, आणि प्लेअरलाही सुरुवातीला परत जायला वेळ लागू शकतो. हे आपल्या हातात नाही. पण तो खंड लपवणं हातात आहे.

क, ट, त, प ही अक्षरं उच्चारताना तोंडातली हवा क्षणभर पूर्ण अडते आणि मग सुटते. म्हणजे "कढी"मधल्या "क"च्या आधी बोलण्यातच एक इवलीशी शांतता असते. सांधा तिथे ठेवला तर प्लेअरचा खंड त्या शांततेत विरून जातो. "म", "न", "स", "ल" किंवा स्वराने सुरू होणारा शब्द असेल तर आवाज अखंड वाहत असतो, आणि तिथला खंड खरचटल्यासारखा ऐकू येतो. "आमटी" असती तर मी वाक्य फिरवून पहिला शब्द दुसरा घेतला असता.

## ३. शूटिंगच्या दिवशी

कढीची स्क्रिप्ट अशी होती. कंसातले आकडे सेकंदांचे.

1. ढवळण्याच्या शॉटचा उत्तरार्ध: "कढी फुटत नाही, दही कितीही आंबट असू दे." (३)
2. वाटीभर दह्यात दोन चमचे डाळीचं पीठ, रवीने घुसळणं: "पीठ दह्यातच घुसळायचं, पाण्यात नाही." (४)
3. तीन वाट्या पाणी ओतताना: "पाणी नंतर." (३)
4. गॅसवर पातेलं, हातात डाव: "गॅसवर ठेवलं की डाव थांबवायचा नाही." (४)
5. कडेने पहिली उकळी, गॅस बंद: "पहिली उकळी दिसली, गॅस बंद." (२.३)
6. तूप-जिरं, मिरची, कढीपत्ता, हळदीची फोडणी वरून: "फोडणी वरून, मीठ शेवटी." (३)
7. ढवळण्याच्या शॉटचा पूर्वार्ध: "एवढं केलं की" (२)

एकूण २१.३ सेकंद. हा विचित्र आकडा का, ते पुढे संगीताच्या भागात येतं.

कढी का फुटते ते माहीत असेल तर स्क्रिप्टमध्ये काय ठेवायचं ते कळतं. आंबट दही तापलं की त्यातली प्रथिनं एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि पाणी सुटतं. पिठातला स्टार्च त्यांना चिकटण्यापासून अडवतो, आणि सतत ढवळल्याने तळाशी एकाच जागी जास्त उष्णता लागत नाही. म्हणून भर पीठ, डाव आणि पहिली उकळी या तीनच गोष्टींवर ठेवला, आलं-लसूण वगैरे काही बोलले नाही. २१ सेकंदांत चौथी गोष्ट घातली की बोलणं घाईचं होतं आणि शेवटचं "एवढं केलं की" गिळलं जातं.

आता खुद्द लूपचा शॉट, म्हणजे सातवा आणि पहिला मिळून. हा घेताना काय पाहायचं:

पाच सेकंद हवे असतील तर पंधरा घ्या. सुरुवातीचे दोन-तीन फेरे हात अवघडलेला असतो. मधला भाग वापरायचा.

संथ, एकसारखं ढवळा. सांध्यावर प्लेअर क्षणभर अडखळला तर जोरात फिरणारा डाव उडी मारताना दिसतो, संथ डाव दिसत नाही. कढीही त्याने छान दिसते, फोडणीचं तूप पसरत जातं.

फोडणी पूर्ण मिसळल्यावर शॉट घ्या. फोडणी ओतल्या ओतल्या घेतला तर पाच सेकंदांत रंग पांढऱ्याचा पिवळा होतो. सांधा तरीही जुळेल, पण व्हिडिओच्या सुरुवातीला पिवळी कढी आणि शेवटी पांढरट असं उलटं दिसेल.

फोकस आणि उजेड बांधून ठेवा. आयफोनवर स्क्रीनवर बोट दाबून धरलं की AE/AF LOCK असं दिसतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनवरही दाबून धरल्यावर कुलपाचं चिन्ह येतं. नाहीतर डाव चौकटीत आला की फोन उजेड वर-खाली करत बसतो.

ढवळण्याचा खरा आवाज रेकॉर्ड होऊ द्या. पातेल्याला डाव लागल्याचा तो मऊ आवाज सांध्याच्या दोन्ही बाजूंना सलग राहतो, आणि बोलण्याच्या खाली तो असला की सांधा आणखी पक्का होतो. मागचा एक्झॉस्ट पंखा मात्र बंद ठेवा, किंवा सगळ्या शॉटमध्ये चालू ठेवा.

## ४. एडिटिंग: काटेकोरपणा फक्त एकाच जागी

टाइमलाइनवर मधले शॉट नेहमीसारखे लावा. त्यांचे आपसातले सांधे साधे कट आहेत, त्यांची काळजी करू नका. सगळं लक्ष ढवळण्याच्या शॉटवर द्या.

शॉट टाइमलाइनवर ठेवा, कापायच्या जागी या, आणि "स्प्लिट" करा. ट्रिम करू नका. क्लिपच्या दोन प्रती करून एकीचं शेपूट आणि दुसरीचं डोकं हाताने ट्रिम केलं की हमखास एखादी फ्रेम दोनदा येते किंवा एखादी गळते. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग, पण ती दोनदा आली तर डाव क्षणभर थबकतो आणि डोळ्याला ते जाणवतं. शेवटची फ्रेम आणि पहिली फ्रेम हुबेहूब सारखी असावी असा सल्ला सर्रास ऐकायला मिळतो, तो चुकीचा आहे. पहिली फ्रेम ही शेवटच्या फ्रेमची *पुढची* फ्रेम असायला हवी. स्प्लिट केलं की हे आपोआप होतं.

मग उत्तरार्ध उचलून सगळ्यात पुढे न्या. त्यानंतर जे काही कराल ते दोन्ही तुकड्यांना सारखं करा: रंग, उजेड, झूम, वेग. मी एकदा पहिल्या शॉटला थोडा झूम दिला, आकर्षक दिसावं म्हणून, आणि शेवटच्याला द्यायला विसरले. सांध्यावर पातेलं एकदम फुगायचं. सोपा उपाय असा की रंग आणि झूम स्प्लिट करण्याच्या आधीच करून घ्या.

अक्षरांचंही तसंच. सुरुवातीला स्क्रीनवर "कढी फुटत नाही" असं शीर्षक ठेवलं असेल तर ते पहिल्या फ्रेमला टपकन उगवतं आणि सांधा उघडा पडतो. एकतर शीर्षक अर्ध्या सेकंदाने आणा, किंवा शेवटच्या तुकड्यावर तेच शीर्षक त्याच जागी ठेवा म्हणजे ते सांध्यावरून सलग जाईल. मला पहिला मार्ग आवडतो.

एक्स्पोर्ट करण्याआधी टाइमलाइनचं टोक बघा. हे सापळे तिथे बसलेले असतात:

- ॲपने आपोआप जोडलेली स्वतःच्या नावाची शेवटची पट्टी. ती निवडून डिलीट करा.
- आवाजाचा ट्रॅक चित्रापेक्षा थोडा लांब. शेवटी काळी फ्रेम येते.
- संगीतावर लागलेला फेड-आउट. काही ॲप तो न विचारता लावतात.
- व्हिडिओ ३० फ्रेमवर शूट केलाय आणि एक्स्पोर्ट २४ किंवा ६० वर. जे शूटिंगला होतं तेच ठेवा.

## ५. संगीत घालायचं असेल तर

शक्यतो घालू नका. रवी, फोडणी आणि डाव यांचे आवाज पुरेसे आहेत, आणि ते आपले आहेत.

घालायचंच असेल तर ठेक्याचा हिशेब करा. गाण्याचा तुकडा मधेच तुटून पुन्हा सुरू झाला की बोलण्याचा आणि चित्राचा सांधा कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. साधा ठेका घ्या, ज्याचा वेग माहीत आहे. मिनिटाला ९० ठोक्यांचा असेल तर चार ठोक्यांची आठ आवर्तनं म्हणजे ३२ ठोके, आणि त्यांना लागतात ३२ × ६० ÷ ९० = २१.३३ सेकंद. ३० फ्रेमच्या हिशेबाने बरोबर ६४० फ्रेम. म्हणून व्हिडिओ २१.३ सेकंदांचा. शेवटचा ठोका पडला की पुढचा पहिला ठोका व्हिडिओच्या सुरुवातीचाच असतो, ताल मोडत नाही.

शब्द असलेलं गाणं टाळा. आणि रील्समध्ये नंतर ॲपमधून गाणं लावणार असाल तर हा हिशेब हातात राहत नाही हेही लक्षात ठेवा.

## ६. तपासणी: तीन प्रती, दोन फेऱ्या

एक्स्पोर्ट झालेली फाइल नव्या प्रोजेक्टमध्ये तीनदा एकापुढे एक लावा. आता व्हिडिओचे दोन सांधे तुमच्यासमोर आहेत.

पहिली फेरी डोळे मिटून, इयरफोन लावून. "एवढं केलं की कढी फुटत नाही" हे एका माणसाने एका दमात बोलल्यासारखं वाटतं का? "की" आणि "कढी" यांच्यात श्वासाचा आवाज राहिला असेल तर तो कापा. फार कापलं असेल तर "की"ची वेलांटी तोकडी ऐकू येते, दोन-तीन फ्रेम परत द्या.

दुसरी फेरी आवाज बंद करून. नजर डावावर नको, पातेल्याच्या काठावर ठेवा. काठ हलला तर झूम किंवा स्थिरीकरण एका तुकड्याला वेगळं लागलंय.

मग यूट्यूबवर आधी Private ठेवून फोनवर प्रत्यक्ष फिरताना बघा, कारण अपलोड होताना फाइल पुन्हा दाबली जाते. जमल्यास एखाद्या जुन्या फोनवरही बघा. सांधा तिथे किंचित अडखळला तर घाबरू नका. पण तो *ऐकू* आला तर दुसऱ्या पायरीवर परत जा.

## ७. आकडे वाचताना फसू नका

यूट्यूबने ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट्सचे व्ह्यू मोजायची पद्धत बदलली. शॉर्ट सुरू झालं किंवा पुन्हा सुरू झालं की व्ह्यू धरला जातो, किती वेळ बघितलं याची अट नाही. इन्स्टाग्रामच्या व्ह्यूमध्येही पुन्हा पाहिलेलं धरतात. म्हणजे लूप केलेल्या व्हिडिओचे व्ह्यू वाढलेले दिसणारच. त्यावरून व्हिडिओ आवडला असं समजू नका. यूट्यूबवर कमाईसाठी जुन्या पद्धतीने मोजलेला, Engaged views नावाचा आकडा वेगळा ठेवलेला आहे, तो बघा.

मी आणखी दोन गोष्टी बघते. एक, सरासरी किती टक्के पाहिलं गेलं. २१ सेकंदांचा व्हिडिओ लोकांनी सरासरी २५ सेकंद पाहिला तर तो आकडा ११९ टक्क्यांच्या आसपास जातो, आणि १०० च्या वर जाणं म्हणजे लूप चालला. पण तुलना करायची ती आपल्याच तेवढ्याच लांबीच्या व्हिडिओंशी. दहा सेकंदांच्या व्हिडिओचा टक्का सहज वर जातो. दुसरी गोष्ट, आलेखाची शेवटची दोन सेकंदं. तिथे रेष अजूनही घसरत असेल तर शेवटाचा सुगावा कुठून तरी लागतोय. माझ्या एका व्हिडिओत तो "मीठ शेवटी" मधल्या "शेवटी" या शब्दातूनच लागत असावा असं मला वाटतं. पुढच्या वेळी मी "मीठ आता" म्हटलं.

## ८. लूप कुठे करू नये, आणि बोलणाऱ्या माणसाचा लूप

कुकरची शिट्टी, गरम तेल, लहान मुलांचं औषध अशा सावधगिरीच्या व्हिडिओला लूप करू नका. तिथे वाक्य पूर्ण संपून माणसाच्या डोक्यात बसायला हवं. मिनिटापेक्षा लांब व्हिडिओलाही नको. तिथपर्यंत पोहोचलेल्या माणसाला मिनिटभर जुना शॉट आठवतच नाही, त्याला फक्त गोंधळल्यासारखं होतं.

समोर बसून बोलण्याचे व्हिडिओ करत असाल तरी पद्धत हीच. सगळं बोलून झालं की शेवटचं वाक्य म्हणा आणि जागेवरून न हलता, न थांबता, लगेच पहिलं वाक्य म्हणा. मग दोहोंच्या मधे स्प्लिट करून पहिलं वाक्य सुरुवातीला न्या. सकाळी बोललेलं पहिलं वाक्य वापरू नका, तोवर केसांची बट हललेली असते. रांगोळीवाल्यांनी शेवटचा ठिपका भरतानाचा हात असाच अखंड शूट करून कापावा. तुम्हाला रांगोळी पुसून पुन्हा काढायची गरज नाही.

एक शेवटचं. सांधा जुळला की बघणारा पुढची दोन-तीन सेकंदं नकळत बघतो, तेवढंच. तो *पूर्ण* दुसऱ्यांदा बघतो तो त्याला काहीतरी हवं असतं म्हणून. कढीचा व्हिडिओ मी टाकण्याआधी आईला दाखवला. तिने फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि एकदा बघितला, दुसऱ्यांदा बघितला. तिसऱ्यांदा सुरू झाल्यावर मी विचारलं, "संपलेला कळला का गं?"

"थांब जरा," ती म्हणाली, "पाणी किती घातलंस ते मगाशी निसटलं."

पाण्याचं माप मी फक्त ओतताना दाखवलं होतं, कुठे लिहिलंच नव्हतं. मापासाठी तिला तिसऱ्यांदा बसवून ठेवणं मला पटलं नाही. तिसऱ्या शॉटवर "३ वाट्या पाणी" असं लिहिलं, पुन्हा एक्स्पोर्ट केला आणि तिच्याच हातात दिला. ती दोनदा बघून उठली आणि फ्रिजमधलं दही काढलं.